आठ बिटचं आभाळ ग्रेडिंगमध्ये फाटू नये म्हणून

अजिंक्यताऱ्यावरून यवतेश्वरच्या बाजूचा सूर्यास्त, समोर लाल शालूतली नवरी. साताऱ्यातल्या प्री-वेडिंगचा हा ठरलेला शॉट. मी तो एकदा आठ बिटच्या कॅमेऱ्यावर लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग चढवण्यासाठी फिकं, कमी कॉन्ट्रास्टचं चित्र देणाऱ्या प्रोफाइलमध्ये घेतला. आभाळ गडद केशरी करायला गेलो, तर त्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे उमटले.

ग्रेडिंगला बसण्याआधी फाइलमध्ये काय आहे ते बघा.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt -of default=nw=1 clip.mp4
```

उत्तर `yuv420p` आलं तर फुटेज आठ बिट, 4:2:0. `yuv422p10le` आलं तर दहा बिट, 4:2:2.

आठ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला 256 पायऱ्या, दहा बिटमध्ये 1024. पण 256 सगळ्या आभाळाच्या वाट्याला येत नाहीत. सोनीचं S-Log3 हे लॉग प्रोफाइल घेतलं तर मधल्या आणि उजळ भागात एका स्टॉपला, म्हणजे उजेड दुप्पट होण्याच्या एका टप्प्याला, आठ बिटमध्ये जेमतेम 20 पायऱ्या मिळतात, दहा बिटमध्ये सुमारे 79. माझ्या शॉटमधलं आभाळ वरपासून क्षितिजापर्यंत साधारण एक स्टॉप बदलत होतं आणि फ्रेममध्ये त्याची उंची होती हजारेक पिक्सेल. म्हणजे 50 पिक्सेलचा एकेक पट्टा शूट होतानाच पडलेला होता, फक्त फिका असल्यामुळे दिसत नव्हता. कॉन्ट्रास्ट तिप्पट केला की त्याच 20 पायऱ्या 60 पायऱ्यांच्या जागेत पसरतात आणि मधल्या जागा रिकाम्या राहतात. हिस्टोग्राम कंगव्याच्या दातांसारखा दिसला की हेच झालंय असं समजा. फाइल दहा बिटमध्ये कन्व्हर्ट करूनही फायदा नाही, कारण जे टिपलंच नाही ते नंतर कुठून येणार?

शालूचं दुखणं वेगळं. 4:2:0 मध्ये उजेड प्रत्येक पिक्सेलचा नोंदवला जातो, रंग मात्र चार पिक्सेलमध्ये मिळून एकच. 4K फ्रेममधला रंग प्रत्यक्षात 1920×1080 चाच असतो. डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो, म्हणून एरवी हे खपून जातं. पण रंगावरून भाग निवडणाऱ्या क्वालिफायरने फक्त आभाळ निवडायला गेलात की शालूची कड करवतीसारखी दातेरी होते. अशा वेळी रंगावर निवड करू नका. उजेडावर करा, किंवा सरळ मास्क काढा आणि कड थोडी मऊ ठेवा.

पट्ट्यांवर उपाय शूटिंगच्या वेळीच करायचा. कॅमेरा आठ बिटचाच असेल तर लॉग बंद करा, साधं प्रोफाइल लावा, व्हाइट बॅलन्स जागेवरच नीट बसवा आणि आभाळ जळणार नाही असं एक्स्पोजर घ्या. डायनॅमिक रेंज थोडी जाईल, पण ग्रेडिंगमध्ये ओढाताण कमी होईल.

फुटेज आधीच हातात असेल तर कॉन्ट्रास्ट पट्टे दिसायला लागतात त्याच्या अलीकडेच थांबवा. मग फक्त आभाळावर पट्टे मऊ करणारं हलकं डीबँड लावा आणि सगळ्यात शेवटी बारीक ग्रेन. ग्रेनमुळे पायरीची सरळ कड विस्कटते. मात्र एक्स्पोर्टचा बिटरेट कमी ठेवलात तर कॉम्प्रेशन तो ग्रेन पुसून टाकतं आणि पट्टे परत वर येतात, त्यामुळे तयार फाइल गिऱ्हाइकाला देण्याआधी मोठ्या टीव्हीवर, खोलीत अंधार करून बघा.