पी.टी. आणि ईएसआयसीची चलनं शीटमध्ये चढवताना या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या पगाराच्या शीटांमध्ये मला सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे चलनावरचा महिना पाहून रक्कम त्याच महिन्याच्या ओळीत टाकणं. ईएसआयसीत हे चालतं, कारण मार्चच्या पगारावरच्या चलनावर कालावधी मार्चच असतो आणि ते १५ एप्रिलपर्यंत भरायचं असतं. पी.टी.चं तसं नाही. दरमहा रिटर्न भरणाऱ्या मालकाचं रिटर्न आधीच्या महिन्याच्या पगाराचं असतं. म्हणून त्याच मार्चच्या पगारातून कापलेली पी.टी. एप्रिल कालावधीच्या एमटीआर-६ चलनाने भरली जाते. एकाच पगाराची दोन चलनं, त्यांवर दोन वेगळे महिने.

ही चूक अकरा महिने लपून राहते. माणसं तीच असली की दरमहा तोच आकडा, त्यामुळे ओळ सरकली तरी ताळा जुळतो. फेब्रुवारीत मात्र २०० ऐवजी ३०० रुपये कापले जातात आणि सगळं उघडं पडतं.

एका कंपनीत हेच झालं. पूर्ण पी.टी. बसणारे साठ कर्मचारी, म्हणजे दरमहा १२,००० आणि फेब्रुवारीच्या पगारातून १८,०००. नव्या अकाउंटंटने फेब्रुवारी कालावधीचं १२,००० चं चलन फेब्रुवारीच्या कपातीसमोर लावलं. ते चलन होतं जानेवारीच्या पगाराचं. शीटमध्ये ६,००० ची तूट दिसली, आणि कुणाला न विचारता त्याने त्याच दिवशी ६,००० चं आणखी एक चलन भरून टाकलं. पुढे मार्च कालावधीचं १८,००० चं चलन नेहमीप्रमाणे भरलं गेलं, तेव्हा मार्चच्या ओळीत ६,००० जास्त दिसू लागले. प्रत्यक्षात देणं कधीच थकलं नव्हतं. जादा भरलेल्या रकमेचा माग काढण्यात मात्र कितीतरी वेळ गेला. तूट दिसली की लगेच पैसे भरून मोकळं होण्याची ही घाई मला अजिबात पटत नाही. आधी मागची-पुढची ओळ बघा. एका महिन्यात कमी आणि लगेच पुढच्यात तेवढेच जास्त असतील, तर पैसे बरोबर आहेत, ओळ चुकली आहे.

माझ्या शीटमध्ये ‘पगाराचा महिना’ आणि ‘चलनावरचा कालावधी’ असे दोन वेगळे रकाने असतात. दुसरा चलन बघून जसाच्या तसा लिहायचा, ताळा फक्त पहिल्यावर घ्यायचा. शेजारी जीआरएन.

दुसरी चूक ईएसआयसीची. चलनावर एकच एकूण रक्कम असते. कर्मचाऱ्याचा वाटा किती, मालकाचा किती, हे त्यावर नसतं. मग लोक एकूण रकमेला ४ टक्क्यांनी भागून ०.७५ आणि ३.२५ असे वाटे पाडतात. शॉर्टकट सोपा आहे, उत्तर चुकीचं येतं. कारण कर्मचाऱ्याचा वाटा माणसागणिक पुढच्या रुपयात नेला जातो, मालकाचा मात्र एकूण वेतनावर काढून एकदाच.

तीन जणांचं वेतन १४,२५०, १६,८१० आणि १८,३३३ धरा. कपात १०७, १२७ आणि १३८, म्हणजे ३७२. एकूण वेतन ४९,३९३, त्यावर मालकाचे १,६०६. चलन १,९७८ चं. हेच उलटं भागलं तर कर्मचाऱ्यांचा वाटा ३७१ येतो आणि पगारातून कापलेला एक रुपया देण्यात लटकत राहतो. माणसं वाढली की हा फरकही वाढतो, आणि वर्षअखेर ‘किरकोळ’ म्हणून उडवला जातो. मला ते सहन होत नाही, कारण तो पैसा कर्मचाऱ्याचा आहे. वाटे नेहमी पोर्टलवरच्या त्या महिन्याच्या अंशदानाच्या यादीतून घ्या. शीटमध्ये पडताळणीला एवढं पुरे:

```
=ROUNDUP(C2*0.75%,0)
```

हे प्रत्येक माणसाच्या ओळीत. बेरजेवर एकदाच लावलंत तर पुन्हा तोच घोळ.

पगार २१,००० च्या वर गेला म्हणून कुणाला मधूनच यादीतून काढू नका. एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च, जो अंशदान कालावधी चालू असेल तो संपेपर्यंत पूर्ण वेतनावर वर्गणी जाते.

पीटीईसीचं २,५०० चं चलनही एमटीआर-६च असतं. तो कंपनीचा स्वतःचा कर, पगाराच्या देण्यात त्याची जागा नाही. एमटीआर-६ चलनावरच्या व्याजाच्या आणि फीच्या रकान्यांतले आकडेही कराच्या रकमेत मिसळू नका. ते खर्चात जातात, कपातीसमोर नाही.

आणि ईएसआयसीचं चलन तयार झाल्याची तारीख ही भरण्याची तारीख नव्हे. व्यवहार क्रमांक आलेला दिसेपर्यंत मी ‘भरले’चा रकाना रिकामा ठेवते.