पिवळ्या दिव्याखालचा पांढरा लोगो

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला एका काळ्या कापडी पिशवीचा फोटो मिळाला. तिच्यावर निळ्या कड्यातला पांढरा लोगो बसवायचा होता. कापडाच्या घड्यांप्रमाणे तो वाकवला, सावलीही दिली. माझ्या सीनियर बाईंनी लांबूनच निकाल दिला, "स्टिकर चिकटवलाय."

फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला होता. अशा उजेडात शुभ्र काहीच नसतं, आणि माझा लोगो मात्र लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण २५५ असा लखलखत होता. मग मी टेम्परेचरचा स्लायडर अंदाजाने पिवळ्याकडे सरकवला. लोगो लोण्यासारखा दिसायला लागला. दिवा २७०० केल्विनचा असेल, तर तोच आकडा टाकू, असंही वाटलं होतं. पण कॅमेऱ्याने ऑटो व्हाइट बॅलन्सने त्यातला बराच पिवळेपणा आधीच काढलेला असतो. किती उरला, ते फोटोलाच विचारावं लागतं.

टेबलावर पिशवीशेजारी एक कोरा कागद होता. आयड्रॉपर ५ बाय ५ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवून (एकाच पिक्सेलवर नॉइज फसवतो) मी तिथला रंग वाचला: लाल २३२, हिरवा २०८, निळा १७०. यातला एकही आकडा २५५ ला टेकलेला असता तर ती जागा सोडून दिली असती. आकडा कमाल २५५ ला अडला की तिन्ही रंगांचं प्रमाण खोटं ठरतं.

पिशवी दिव्यापासून कागदापेक्षा थोडी लांब होती, म्हणून तिन्ही आकडे ०.९ ने गुणले: २०९, १८७, १५३. हे ०.९ निव्वळ नजरेचं, पण तिघांना एकच गुणक लावल्यामुळे छटा बदलत नाही. मग फक्त लोगोला क्लिप केलेला Curves लेयर घेतला आणि प्रत्येक चॅनेलमध्ये वरच्या टोकाचं Output या आकड्यांवर आणलं. कड्याचा निळा २०, ९०, २०० होता, तोही आपोआप १६, ६६, १२० च्या आसपास उतरला.

तपासायला सगळ्यांच्या वर Hue/Saturation चा लेयर टाकून सॅच्युरेशन तात्पुरतं +७० केलं. कागद आणि लोगो दोन्ही सारखेच नारिंगी झाले, पण लोगोची उजवी कड चुकली. तिकडून खिडकीचा उजेड येत होता आणि तिथलं कापड निळसर होतं. एकाच Curves ने दोन उजेड सांभाळले जात नाहीत. खिडकीजवळच्या पांढऱ्या भिंतीवरून आकडे घेऊन दुसरा Curves केला आणि दोघांना एकमेकांत विरणारे ग्रेडियंट मास्क दिले. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

क्लायंटचं उत्तर आलं, "आमचा निळा असा मळकट नाही." मी तोच निळा त्याच फोटोत न बदलता ठेवून शेजारी दाखवला, तेव्हा तो निऑनसारखा चमकत होता. तरी ते अडून बसले. शेवटी Curves ची ओपॅसिटी फक्त कड्यापुरती ६० टक्क्यांवर आणली. पांढऱ्याला हात लावला नाही.