पृथ्वीच्या पोटात चुंबकपट्टी नाही: चुंबकीय क्षेत्र समजावताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा गोल कापून आत लाल-निळी चुंबकपट्टी बसवलेलं मॉडेल तुम्ही पाहिलं असेल. वर लोखंडाचा कीस टाकला की सुरेख रेषा उमटतात. क्षेत्राचा आकार दाखवायला ते मॉडेल चांगलं आहे, पण 'पृथ्वीच्या आत असंच चुंबक आहे' असं मुलांना सांगणं ही पहिली चूक. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याचं कायमचं चुंबकत्व जातं. बाह्य गाभा सुरू होतो सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर, आणि तिथेच तापमान ४,००० अंशांच्या आसपास असतं. तिथे कोणतीही चुंबकपट्टी टिकणार नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ती अर्धी बरोबर आहे. 'आत वितळलेलं लोखंड फिरतं, म्हणून चुंबक तयार होतं' असं उत्तर मुलं लिहितात आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. पण वितळलेलं लोखंड बादलीत कितीही गरगर फिरवा, नुसत्या फिरण्याने असं क्षेत्र उभं राहत नाही. वीजवाहक द्रव आधीपासून असलेल्या चुंबकीय क्षेत्रातून हलला की त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. त्या प्रवाहाभोवती पुन्हा चुंबकीय क्षेत्र तयार होतं. द्रवाची हालचाल योग्य प्रकारची असेल तर हे नवं क्षेत्र जुन्याला बळ देतं आणि चक्र चालू राहतं. सायकलच्या डायनामोत चुंबक तयार बसवलेलं असतं. पृथ्वीचा डायनामो स्वतःचं चुंबक स्वतःच घडवत राहतो. सुरुवातीला एखादं क्षीण क्षेत्र मिळालं तरी पुरतं.

मग द्रव हलतो कशाने? गाभा हळूहळू निवतो आहे. वरचं प्रावरण त्याची उष्णता ओढून घेतं, आणि तळाशी, ५,१५० किलोमीटरच्या आसपास, लोखंड गोठून घन आंतरगाभ्यावर चढत जातं. गोठताना हलकी मूलद्रव्यं बरीचशी द्रवातच मागे राहतात, तो हलका द्रव वर उसळतो. पृथ्वीच्या परिवलनाचं काम इथे सुरू होतं: वर चढणाऱ्या या प्रवाहांना ते पीळ देतं आणि अक्षाला समांतर स्तंभांत बांधतं. म्हणूनच चुंबकीय अक्ष भौगोलिक अक्षाच्या जवळपास राहतो. उसळी आणि पीळ, दोन्ही लागतात. उत्तरात यातलं एकच आलं असेल तर ते अपुरं समजा.

हे यंत्र चालू आहे याची खूण होकायंत्रात दिसते. गाभ्यातला द्रव वर्षाला साधारण १०-२० किलोमीटर सरकतो, त्यामुळे त्याच गावात सुईचा उत्तरेपासूनचा कल वर्षागणिक बदलतो. मोबाइल आणि जहाजं वापरतात ते जागतिक चुंबकीय प्रतिमान दर पाच वर्षांनी नव्याने काढावं लागतं. गोठलेल्या पट्टीचं असं झालं नसतं.

तिसरी चूक ढालीबद्दलची: 'चुंबकीय क्षेत्र सूर्यकिरण अडवतं.' प्रकाशाला आणि अतिनील किरणांना विद्युतभार नसतो, ते सरळ आत येतात. अतिनील किरणांना ओझोन आवरतं. चुंबकीय क्षेत्र वळवतं ते सौरवाऱ्यातल्या प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांना. नेहमीचा वारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येतो आणि सूर्याकडच्या बाजूला, साधारण ६० ते ६५ हजार किलोमीटरवर, क्षेत्राच्या दाबाने बाजूला सारला जातो.

पण ही ढाल म्हणजे दगडी तट नव्हे, आणि याचा दाखला आपल्या मुंबईत आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर झळाळी पाहिली. सुमारे साडेसतरा तासांत तिथून सुटलेला भारित कणांचा लोट पृथ्वीवर आदळला. १५ कोटी किलोमीटरला साडेसतरा तासांनी भागा: सेकंदाला जवळजवळ २,४०० किलोमीटर, नेहमीच्या सहापट वेग. दुसऱ्या दिवशी कुलाबा वेधशाळेत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळला, म्हणजे तिथल्या नेहमीच्या मूल्याच्या चार टक्क्यांच्या आसपास.

घट का? सौरवारा स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सोबत आणतो. ते दक्षिणेकडे वळलेलं असेल, म्हणजे ढालीच्या पुढच्या टोकाशी पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, तर दोन्हींच्या रेषा तुटून एकमेकींना जुळतात आणि ऊर्जेला आत वाट मिळते. आत अडकलेले कण विषुववृत्ताभोवती पश्चिमेकडे वाहणारं प्रवाहाचं कडं बनवतात, आणि त्या कड्याचं क्षेत्र जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेला असतं. कुलाब्याची पूर्ण घट या कड्यानेच झाली की वातावरणातल्या इतर प्रवाहांचाही त्यात वाटा होता, यावर अभ्यासकांचा वाद आहे. म्हणून मुलांना 'गाभ्याचं क्षेत्र कमी झालं' असं सांगू नका. गाभा जसाच्या तसा होता, वरून उलट क्षेत्राची भर पडली. वादळ ओसरल्यावर आकडे पुन्हा वर आले.

इतकी बारीक मोजमापं विजेच्या ट्रामजवळ शक्य नव्हती. मुंबईत त्या येणार म्हटल्यावर चुंबकीय वेध अलिबागला हलवले गेले, आणि १९०४ पासून तिथे ते घेतले जात आहेत.