रूट ब्रिज भलत्याच स्विचवर? स्पॅनिंग ट्रीतल्या या चुका टाळा

‘नेटवर्क चालू आहे, पण रांगतंय’ अशी तक्रार आली की बहुतेक जण सर्व्हर आणि केबलच्या मागे लागतात. सगळे दिवे हिरवे, पिंग जातोय, एरर काउंटर शून्य. अशा वेळी रूट ब्रिज कोण आहे हे बघायला एक मिनिट लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

कुपवाड एमआयडीसीतली एक फाउंड्री डोळ्यासमोर आणा. सर्व्हर रूममध्ये स्विच ‘अ’, अकाउंट्सच्या इमारतीत ‘ब’, आणि गेटजवळच्या वजनकाट्याच्या खोलीत जुना ‘क’. अ आणि ब यांच्यात १ गिगाबिटची फायबर. क चे पोर्ट १०० मेगाबिटचे, आणि एक लाइन तुटली तर दुसरी असावी म्हणून तो अ आणि ब या दोघांनाही जोडलेला. म्हणजे त्रिकोण झाला. लूप होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री त्यातली एक बाजू बंद ठेवणारच. कुठली, हे रूटवर ठरतं.

पहिली चूक म्हणजे प्रायॉरिटीला हातच न लावणं. निवडणुकीत स्विचचा वेग, मॉडेल किंवा किंमत कोणी विचारत नाही. ज्याचा ब्रिज आयडी सर्वांत लहान, तो रूट. या आयडीत आधी प्रायॉरिटी येते आणि मग मॅक अ‍ॅड्रेस. प्रायॉरिटी सगळीकडे ३२७६८ अशी मूळचीच राहिली, तर निकाल मॅकवर जातो. एकाच कंपनीच्या स्विचमध्ये जुन्याचा मॅक अनेकदा लहान असतो, त्यामुळे वजनकाट्याचा क अख्ख्या फाउंड्रीचा रूट होऊन बसतो.

आता हिशोब करा. जुन्या पद्धतीत १०० मेगाबिटच्या लिंकची कॉस्ट १९ आणि गिगाबिटची ४. अ ला रूटपर्यंत थेट जायला १९ लागतात, ब मार्गे २३. तो थेट रस्ता घेतो. ब चंही तेच. मग उरली अ-ब फायबर. तिच्या दोन्ही टोकांची कॉस्ट सारखीच, १९, म्हणून अ आणि ब यांच्यात ज्याचा आयडी मोठा, त्याचा पोर्ट ब्लॉक होतो. गिगाबिटची फायबर रिकामी पडून राहते, आणि सर्व्हरवरून अकाउंट्सला जाणारी प्रत्येक फाइल गेटवरच्या खोलीतून फिरून येते, फार तर सेकंदाला १२ मेगाबाइटने. तिथे कोणी स्विचचा प्लग काढून फोन चार्जिंगला लावला की अकाउंट्सही काही वेळ ठप्प.

सिस्को स्विचवर अ मध्ये `show spanning-tree vlan 1` दिलं की असं दिसतं:

```
Root ID    Priority    32769
           Address     000a.1111.2222
           Cost        19
```

३२७६९ म्हणजे ३२७६८ अधिक व्हीलॅन १. अ स्वतः रूट असता तर इथे `This bridge is the root` आलं असतं. कॉस्ट लाखांत दिसली तर घाबरू नका. नव्या पद्धतीत हेच आकडे २००००० आणि २०००० असतात, निष्कर्ष तोच.

उपाय दोन ओळींचा. पहिली अ वर, दुसरी ब वर:

```
spanning-tree vlan 1 priority 4096
spanning-tree vlan 1 priority 8192
```

इथे ‘प्रायॉरिटी मोठी तर मान मोठा’ असं समजून कोणी ६१४४० टाकतं आणि स्विच रांगेत शेवटी जातो. लहान आकडा जिंकतो, आणि तो ४०९६ च्या पटीतच चालतो. बदल लंच टाइममध्ये करा. जुन्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट पुन्हा सुरू व्हायला ३० सेकंद लागतात, कधी ५०.

आता अ रूट, फायबर सुरू, आणि क चा ब कडचा पोर्ट ब्लॉक. वजनकाट्याची पावती अकाउंट्सला अ मार्गे जाते, थेट केबल असूनही. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही: झाड रूटपासून मोजलं जातं, प्रत्येक जोडीसाठी वेगळा जवळचा रस्ता ते शोधत नाही. म्हणून जिथे सर्वाधिक ट्रॅफिक जमतं, तिथेच रूट हवा.

दुसरी चूक व्हीलॅनची. सिस्कोच्या पीव्हीएसटीत प्रत्येक व्हीलॅनची निवडणूक वेगळी होते. कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन २० असेल आणि आकडा फक्त १ साठी बदलला असेल, तर कॅमेऱ्यांचा रूट अजून गेटवरच आहे.

तिसरी चूक जरा फसवी आहे. क पुन्हा रूट होऊ नये म्हणून ब च्या क कडच्या पोर्टवर रूट गार्ड लावतात. रोज काही बिघडत नाही. पण अ-ब फायबर तुटली की ब ला रूटची खबर क मार्गेच मिळणार, आणि रूट गार्ड नेमकी तीच अडवतो. पोर्ट `root-inconsistent` होतो आणि अकाउंट्स पूर्ण तुटतं, पर्यायी केबल धडधाकट असताना. रूट गार्ड अ च्या क कडच्या पोर्टवर लावा, कारण अ ला तिकडून रूट शोधायची वेळच येत नाही. मग सुट्टीच्या दिवशी फायबर काढून अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरला पिंग लावून ठेवा. थोड्या वेळाने उत्तरं पुन्हा यायला हवीत.