धमकीचे फोन: पोलिसांकडे जाण्याआधी पुराव्यातल्या या चुका टाळा

धमकीचा फोन येऊन गेला की बहुतेक जण कॉल लॉगचा एक स्क्रीनशॉट घेतात आणि निर्धास्त होतात. तो स्क्रीनशॉट एकदा नीट पाहा. समजा, फोन मंगळवारी, 10 जूनला रात्री 9:40 वाजता आला आणि स्क्रीनशॉट तुम्ही बुधवारी घेतलात. बऱ्याच फोनांत त्या कॉलसमोर तारीख नसतेच, फक्त ‘काल’ असं असतं. आठवड्याने तक्रार द्यायला गेल्यावर हा ‘काल’ कोणता, ते चित्र पाहून कळत नाही.

त्यामुळे यादीवर थांबू नका. त्या कॉलचा तपशील उघडा आणि पूर्ण नंबर, तारीख, वेळ, कॉल किती सेकंद चालला हे दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. तपशिलातही ‘काल’च दिसत असेल, तर फाइलचं नाव कामी येतं. अनेक फोनांत ते `Screenshot_20250611` असं तारखेसकट तयार होतं. त्याचं ‘पुरावा १’ करून ठेवलंत, तर हाती असलेली तारीख तुम्हीच पुसलीत. कडा कापणं, लाल गोल काढणं हे सगळं प्रतीवर करा, मूळ फाइलवर नाही.

नंबर ‘गुंड’ किंवा ‘उचलू नको’ अशा नावाने सेव्ह करणं ही दुसरी नेहमीची चूक. मग स्क्रीनवर नाव दिसतं, नंबर नाही. आणि असं नाव कुणीही कुठल्याही नंबराला देऊ शकतं.

कॉल लॉग फक्त कॉल झाला एवढं सांगतो. पलीकडून काय बोललं गेलं, ते त्यात नसतं. फोन ठेवल्याबरोबर वहीत लिहा: तारीख, वेळ, नंबर, आणि धमकीचे शब्द जसेच्या तसे, शिव्यांसकट. ‘त्याने मला धमकावलं’ या वाक्यापेक्षा ‘उद्या घराबाहेर पडलास तर बघ’ हे शब्द जास्त उपयोगी. शेजारी कोण होतं, तेही लिहा.

साध्या कॉलची नोंद मोबाइल कंपनीकडेही असते आणि पोलीस ती मागवू शकतात. तुमची तारीख-वेळ त्या नोंदीशी जुळली की तक्रारीला वजन येतं. व्हॉट्सअ‍ॅप कॉल मात्र कंपनीच्या कॉल-नोंदीत दिसत नाही, म्हणून तिथला स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या. चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर अजिबात थांबू नका.

स्क्रीनशॉट नातेवाइकाला पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान केला जातो. आणि तक्रार मार्गी लागेपर्यंत फोन विकू नका, रीसेट करू नका. स्क्रीनशॉटवर शंका आली, तर मूळ नोंद त्या फोनमध्येच तपासली जाते.

हल्ला आज-उद्याच होईल असं वाटत असेल, तर यातलं काहीही जमवत बसू नका. आधी पोलिसांना फोन करा.