पायातली गुठळी: डी-डायमर आधी करू नका, गोळी किती दिवस ते आधीच लिहा

एका पायाला सूज आली की शिरेत रक्ताची गुठळी आहे का हे पाहायला डी-डायमर ही रक्तचाचणी लिहून देणं फार सोपं झालं आहे. पण ही चाचणी पेशंटच्या पायाला हात लावण्याआधी केली, तर तिचा आकडा फसवतो.

समजा, ५४ वर्षांच्या गृहस्थांचा घोटा मोडला होता आणि प्लास्टर काढून आठवडा झाला आहे. उजवी पोटरी सुजली आहे. गुठळीची शक्यता गुणांत मोजणारा वेल्स स्कोअर मांडू. पायाला नुकतंच प्लास्टर होतं, १ गुण. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला. फरक साडेतीन सेंटीमीटर. तीन किंवा जास्त असल्यामुळे आणखी १. बोट दाबल्यावर खड्डा पडतो आणि तो फक्त याच पायावर, म्हणून तिसरा गुण. एकूण ३. दोन किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे गुठळीची शक्यता बरीच आहे.

इथे पहिली चूक होते. या स्कोअरमध्ये दुसरं निदान गुठळीइतकंच किंवा त्याहून जास्त संभवत असेल तर २ गुण वजा होतात. 'प्लास्टर काढल्यावर सूज येतेच' असं म्हणून डॉक्टरांनी ते वजा केले आणि ३ चा १ झाला. पेशंट 'शक्यता कमी' गटात गेला. हे उणे दोन स्नायू फाटल्याची खूण, त्वचेचा लाल गरम संसर्ग, गुडघ्यामागची फुटलेली गाठ असं काही तपासणीत दिसलं तरच द्यावेत. 'येतेच' हे निदान नव्हे. स्कोअरमधली एवढी एकच ओळ डॉक्टरांच्या मतावर सोडली आहे, आणि गफलत बहुतेक तिथेच होते.

मग डी-डायमर ४३० आला. मर्यादा ५००, म्हणून पेशंट घरी. पण दोन दिवसांपूर्वी कुणीतरी सावधगिरी म्हणून त्यांना हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची इंजेक्शनं सुरू केली होती, आणि हेपरिनने हा आकडा खाली येतो. बरेच दिवस जुन्या सुजेतही तो उतरतो. मुळात ज्याचा स्कोअर २ किंवा जास्त आहे, त्याला केवळ नॉर्मल डी-डायमरवर घरी पाठवायचं नसतं. त्याला थेट डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी हवी. डॉप्लरमध्ये मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या शिरा स्वच्छ दिसल्या तर डी-डायमर कामाला येतो: तो वाढलेला असेल तर आठवड्याने डॉप्लर पुन्हा करायची.

उलटी चूकही तेवढीच चालते. ७२ वर्षांच्या आजींचा स्कोअर १ आणि डी-डायमर ६४०. रिपोर्टवर ठळक खूण. पन्नाशीनंतर वयाला १० ने गुणून मर्यादा धरता येते, म्हणजे आजींची ७२०, आणि ६४० नॉर्मल. मात्र हा हिशेब एफईयू या एककाचा आहे. काही लॅब डीडीयूमध्ये आकडा देतात. तो साधारण निम्मा असतो, तिथे मर्यादाच २५० च्या आसपास. एकक न पाहता आकडा वाचला तर खरी गुठळीही नॉर्मल ठरते. शस्त्रक्रिया, संसर्ग, कॅन्सर किंवा गरोदरपण असेल तर आकडा तसाही चढतो, त्यामुळे वॉर्डातल्या पेशंटमध्ये वाढलेल्या डी-डायमरवरून फारसं काही कळत नाही.

आपल्या गृहस्थांकडे परत येऊ. चार दिवसांनी डॉप्लर झाली, गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी निघाली आणि रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. किती दिवस, हे मात्र कुणी लिहिलं नाही. मग दोनपैकी एक होतं: सूज उतरली म्हणून पेशंट सहाव्या आठवड्यात गोळी बंद करतो, किंवा चिठ्ठी पुढे ढकलत दोन वर्षं घेत राहतो. दोन्ही चूक. पहिले तीन महिने हा या गुठळीचा उपचार असतो, आणि पायातली सूज त्याचं मोजमाप नाही. त्यापुढची गोळी पुढची गुठळी टाळण्यासाठी. यांचं कारण स्पष्ट होतं, प्लास्टर, आणि ते गेलं. म्हणून तीन महिन्यांनी तपासून गोळी थांबवायची. ती तारीख पहिल्याच दिवशी केसपेपरवर असावी.

कारण सापडलंच नसतं तर गणित वेगळं. अशा पेशंटने गोळी थांबवली की पहिल्या वर्षात साधारण दहापैकी एकाला पुन्हा गुठळी होते, आणि पाच वर्षांत सुमारे चारपैकी एकाला. म्हणून रक्तस्रावाचा धोका फार नसेल तर गोळी पुढे चालू ठेवतात. सहा महिन्यांनंतर अपिक्साबॅन दिवसातून दोनदा अडीच मिलिग्रॅम किंवा रिव्हारोक्साबॅन रोज १० मिलिग्रॅम अशा कमी डोसवर येता येतं. पण कॅन्सर सक्रिय असेल तर तो आहे तोवर उपचार साधारणपणे चालूच राहतो. गोळी चालू ठेवलेल्या प्रत्येकाचं हिमोग्लोबिन, किडनीचं काम आणि सोबतची वेदनाशामकं वर्षातून एकदा तरी पाहायची आणि गोळी अजून हवी का, हे नव्याने ठरवायचं.