उजेड कुठे, अंधार कुठे: पथफरक मोजायला शिकताना

दोन स्रोतांच्या व्यतिकरणाची, म्हणजे त्यांचे तरंग एकमेकांत मिसळण्याची, आकृती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा एक समजूत करून घेतली होती. तेजस्वी पट्टा म्हणजे जिथे तरंगाचं शीर्ष आहे ती जागा, आणि काळा पट्टा म्हणजे जिथे गर्त आहे ती जागा. ही समजूत चुकीची आहे, पण ती बराच काळ टिकली. कारण ठरावीक गणितं सोडवताना ती कुठे आडवी येत नाही. सूत्रात आकडे घातले की उत्तर बरोबरच येतं. पुढे एकदा आलेखकागद घेऊन मी स्वतः अंतरं मोजायला बसले, तेव्हा ती मोडली. नव्यानं शिकणाऱ्यानं तेच करावं असं मला वाटतं, म्हणून ते आकडे इथे जसेच्या तसे देते.

कागदावर ६ सेंमी अंतरावर दोन बिंदू घ्या, क आणि ख. हे आपले स्रोत, पाण्यात तरंग उठवणारे. दोन्ही एकाच तालात वरखाली होतात, म्हणजे क वर असताना ख पण वर, क खाली असताना ख पण खाली. तरंगलांबी २ सेंमी धरा. आता क पासून, कख या रेषेला काटकोनात, एक सरळ रेषा काढा. पुढचं सगळं या एकाच रेषेवर घडतं. ही रेषा निवडायचं कारण एवढंच, की काटकोन त्रिकोणामुळे ख पासूनचं अंतर पायथागोरसच्या प्रमेयानं लगेच काढता येतं.

क पासून ८ सेंमीवर एक बिंदू घ्या. ख पासून तो १० सेंमीवर येतो. दोन अंतरांतला फरक २ सेंमी, म्हणजे बरोबर एक तरंगलांबी. यालाच पथफरक म्हणायचं. त्याचा अर्थ असा लावा: या बिंदूवर आत्ता ख कडून जो तरंग पोचतोय, तो क कडून पोचणाऱ्या तरंगापेक्षा एक पूर्ण आवर्तन आधी निघालेला आहे. पण स्रोत तर दर आवर्तनात तेच ते करतो. आवर्तनाआधी निघालेला आणि आत्ता निघालेला यांत वरखाली होण्याच्या दृष्टीनं काहीच फरक नाही. म्हणून दोघं इथे जोडीनं वर जातात, जोडीनं खाली येतात, आणि हालचाल मोठी होते. हा तेजस्वी बिंदू.

आता त्याच रेषेवर मागे सरका, क पासून ४.५ सेंमीवर या. ख पासूनचं अंतर ७.५ सेंमी. फरक ३ सेंमी, म्हणजे दीड तरंगलांबी. ख चा तरंग दीड आवर्तन जुना आहे. त्यातलं एक पूर्ण आवर्तन सोडून द्या, ते मोजण्यात येतच नाही. उरलं अर्धं. अर्ध्या आवर्तनाआधी स्रोत नेमका उलट्या स्थितीत होता. म्हणून इथे एक वर उचलतो तेव्हा दुसरा खाली दाबतो. हा अंधाराचा बिंदू. आणखी मागे, २.५ सेंमीवर, ख पासूनचं अंतर ६.५ सेंमी. फरक ४ सेंमी, दोन तरंगलांब्या, पुन्हा तेजस्वी.

माझी समजूत मोडली ती इथे. दोन्ही स्रोत शीर्षावर असल्याचा एक क्षण धरा आणि त्या क्षणी ४.५ सेंमीच्या बिंदूवर काय चाललंय ते पाहा. क पासूनचं अंतर सव्वादोन तरंगलांब्या, ख पासूनचं पावणेचार. दोन्ही तरंग त्या क्षणी शून्यावर आहेत, पाणी सपाट. आता २.५ सेंमीचा बिंदू: क पासून सव्वा तरंगलांबी, ख पासून सव्वातीन. इथेही दोन्ही शून्यावर, पाणी सपाट! त्या क्षणाचा फोटो काढला तर अंधाराचा बिंदू आणि उजेडाचा बिंदू अगदी सारखे दिसतील. फरक दिसतो तो पाव आवर्तनानंतर. २.५ सेंमीवर दोन्ही तरंग एकदमच शीर्षावर येतात, आणि ४.५ सेंमीवर एक शीर्षावर तर दुसरा गर्तात. म्हणजे तेजस्वी असणं हा क्षणाचा गुण नाही. एखादी जागा कायम जोरात हलत राहते की कायम शांत राहते, एवढंच पथफरक सांगतो. शीर्षाला शीर्ष भेटलं काय किंवा गर्ताला गर्त भेटलं काय, जागा तेजस्वीच.

याच रेषेवर उरलेले बिंदू तुम्ही स्वतः काढून बघा. १.१ सेंमीवर पथफरक ५ सेंमी येतो, म्हणजे अडीच तरंगलांब्या, अंधार. १७.५ सेंमीवर तो १ सेंमी येतो, म्हणजे अर्धी तरंगलांबी, पुन्हा अंधार. त्याच्याही पलीकडे कितीही लांब गेलात तरी या रेषेवर पुढचा काळा बिंदू येणार नाही, कारण पथफरक शून्याकडे घटत जातो. आणि कुठल्याही जागी पथफरक ६ सेंमीपेक्षा मोठा होऊच शकत नाही, कारण त्रिकोणाच्या दोन बाजूंमधला फरक तिसऱ्या बाजूपेक्षा जास्त नसतो. म्हणजे अंधाराचे पथफरक १, ३ आणि ५ सेंमी एवढेच, आणि सारख्या पथफरकाचे बिंदू जोडले की एक रेषा तयार होते. म्हणून या मांडणीत अंधाराच्या रेषा सहाच, मध्याच्या एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन. तुमच्या आकृतीत सातवी आली तर कंपास सरकला आहे असं समजा.

कागदावरून मी पाण्याच्या रिपल टँककडे, म्हणजे तरंग उठवून बघायच्या पारदर्शक तळाच्या उथळ तबकाकडे, गेले आणि तिथे वेगळीच चूक केली. टँकवर वरून दिवा असतो आणि खालच्या पांढऱ्या कागदावर सावल्या पडतात. मी त्या कागदावरचे काळे कंस शोधले आणि त्यांना अंधाराची रेषा म्हणून खुणा केल्या. सगळ्या खुणा चुकल्या. पाण्याचं शीर्ष भिंगासारखं प्रकाश गोळा करतं आणि गर्त तो पसरवतं, म्हणून जिथे हालचाल जोरात आहे तिथेच कागदावर उजळ आणि काळे कंस आळीपाळीनं बाहेर सरकताना दिसतात. जिथे दोन तरंग एकमेकांना खोडतात तिथे पाणी सपाट असतं आणि कागद एकसारखा करडा दिसतो. शोधायची ती ही करडी पट्टी. ओळखायची खूण सोपी आहे: काळा डाग सरकत असेल तर तो तरंग आहे, पट्टी जागची हलत नसेल तर ती खोडलेली जागा आहे. मात्र ठरावीक तालात लुकलुकणारा स्ट्रोब दिवा चालू असेल तर सगळंच थांबलेलं भासतं, तेव्हा ही परीक्षा साध्या दिव्यातच घ्या.

ती करडी पट्टी पूर्ण शांत नसते, थोडी थरथरते. ही तुमची चूक नाही. वर्तुळाकार तरंग जसा पसरतो तशी त्याची उंची कमी होते, साधारण अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. आपल्या ४.५ आणि ७.५ सेंमीच्या बिंदूवर ख चा तरंग क च्या तरंगाच्या सुमारे ७७ टक्के उंचीचा उरतो. उलट दिशेनं आला तरी त्याच्यानं सगळं खोडलं जात नाही, पावापेक्षा थोडी कमी हालचाल शिल्लक राहते. स्रोतांपासून लांब गेलं की दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी होतात आणि अंधार जास्त गडद होतो.

आतापर्यंतचं सगळं एका अटीवर उभं आहे: दोन्ही स्रोत एकाच तालात आहेत. ही अट आपण एकदा लिहितो आणि विसरतो. मी दोन स्पीकर एकाच सूराला जोडून हाच प्रयोग ध्वनीवर केला. दोघांच्या बरोबर मध्ये पथफरक शून्य, म्हणजे आवाज सगळ्यात मोठा हवा. तिथेच तो सगळ्यात बारीक येत होता. अंतरं तीनतीनदा मोजली, पण दोष अंतरांत नव्हताच. एका स्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा. अशा वेळी नकाशा तोच राहतो, फक्त मोठ्या आणि बारीक आवाजाच्या जागांची अदलाबदल होते. म्हणून मोजणी सुरू करताना मी आता आधी मध्यरेषा तपासते. ती अपेक्षेप्रमाणे असेल तरच पुढचे बिंदू मोजण्यात अर्थ आहे. दोन वेगवेगळे दिवे घेतले तर पट्टे दिसतच नाहीत, त्याचं कारणही हेच. त्यांचा आपापसातला ताल इतक्या वेगानं बदलत राहतो की उजेड-अंधाराच्या जागा डोळ्याला सापडायच्या आतच हलतात.

प्रकाशात म्हणूनच एकाच लेझरचा झोत दोन फटींवर टाकतात. आकडे घेऊन बघू. फटींमधलं अंतर ०.२५ मिमी, पडदा २ मीटरवर, लाल लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. लगतच्या दोन तेजस्वी पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले पडद्याचं अंतर, भागिले फटींमधलं अंतर. उत्तर येतं ५.२ मिमी, पट्टीनं आरामात मोजता येईल एवढं. हे सूत्र पाठ करण्याआधी एकदा पायथागोरस लावून बघा, म्हणजे ते कुठून आलं ते हाताला कळतं. मध्यापासून ५.२ मिमीवरचा बिंदू एका फटीपासून २.०००००६४३९ मीटरवर आहे आणि दुसरीपासून २.०००००७०८९ मीटरवर. वजा करा: ०.००००००६५० मीटर, नेमकी एक तरंगलांबी. मात्र कॅल्क्युलेटर दशांश चिन्हापुढे सहाच आकडे दाखवत असेल तर उत्तर ०.०००००१ येईल, जवळजवळ दीडपट चुकीचं. दोन मोठी, जवळजवळ सारखी अंतरं वजा करण्यात हा धोका असतो आणि तो टाळण्यासाठीच फरक थेट देणारं सूत्र वापरतात. ते लहान कोनांपुरतंच चालतं. आपल्या ६ आणि ८ सेंमीच्या आकृतीला ते लावलं तर उत्तर चुकेल.

पडद्यावर पट्टे दिसले की एक गोष्ट करून बघा. एका काळ्या पट्ट्यावर पेन्सिलीनं खूण करा आणि एक फट कागदाच्या कडेनं झाका. बारीक पट्टे जातील, एक रुंद फिकट डाग उरेल, आणि खूण केलेली जागा उजळेल. पडद्यावर येणारा प्रकाश अर्धा झालेला असतानाही ती उजळेल, कारण तिथे पोचणारा एक तरंग आता खोडायला दुसरा नाही. शेजारच्या तेजस्वी पट्ट्याच्या जागी तीव्रता एक चतुर्थांशावर येते. कागद काढला की काळा पट्टा पुन्हा पेन्सिलीच्या त्याच खुणेवर येऊन बसतो.